डिजिटल सर्किटची ओळख : १०११ ओळखणारे यंत्र आणि मागे वळणारे बाण

गेल्या आठवड्यात आपण फ्लिप-फ्लॉप पाहिला. क्लॉकच्या ठोक्याला तो एक बिट टिपून घेतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत सांभाळतो. आज अशा दोन फ्लिप-फ्लॉपमधून एक छोटे यंत्र उभे करू. एका तारेवरून क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट येतो आहे. त्यात १०११ हा क्रम पुरा झाला की यंत्राने त्याच वेळी बाहेर १ द्यायचा, एरवी ०. शिवाय एक अट आहे. सापडलेल्या क्रमाचे बिट पुढच्या क्रमालाही वापरता आले पाहिजेत. १०११०११ या सात बिटांत १०११ दोनदा आहे, पहिल्या चारांत एकदा आणि शेवटच्या चारांत एकदा, आणि चौथा बिट दोघांत सामाईक आहे.

स्टेट डायग्रॅम काढायला बसले की बहुतेकांचा हात लगेच वर्तुळे आणि बाण काढू लागतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा : यंत्राने लक्षात काय ठेवायचे? आलेले सगळे बिट ठेवायची गरज नाही. आलेल्या प्रवाहाच्या शेवटाकडे पाहायचे आणि त्यातला जास्तीत जास्त किती भाग १०११ ची सुरुवात ठरू शकतो, एवढेच लक्षात ठेवायचे. असे चारच प्रकार संभवतात. उपयोगाचे काहीच नाही, ही अवस्था अ. शेवटी १ आहे, ही ब. शेवटी १० आहे, ही क. शेवटी १०१ आहे, ही ड. वर्तुळात नुसते अक्षर न लिहिता हा अर्थही लिहावा, पुढची सगळी कामे त्यावरच चालतात.

बाणावर दोन आकडे लिहायचे : आलेला बिट, मग तिरकी रेघ, मग बाहेर जाणारा बिट. जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत, म्हणून अशा यंत्राला मीली यंत्र म्हणतात. पुढे जाणारे बाण सोपे आहेत. अ वरून १ आला की ब, ब वरून ० आला की क, क वरून १ आला की ड. तिन्हींवर बाहेर ०. ड वरून १ आला की क्रम पुरा, म्हणून त्या बाणावर १/१.

पण हा शेवटचा बाण जातो कुठे? आणि नको तो बिट आला तर काय? डायग्रॅम चुकते ती इथे. प्रत्येक वर्तुळातून दोन बाण निघालेच पाहिजेत, म्हणजे एकूण आठ. त्यातले चार झाले की उरलेले "चुकले, परत अ" असे म्हणून जोडण्याचा मोह होतो. तसे करू नका. प्रत्येक वेळी नवा बिट जोडून पुन्हा शेवट पाहा.

अ वरून ० आला तर हाती काही नाही, अ मध्येच राहा. ब वरून १ आला तर शेवटी ११ आहे. त्यातला दुसरा १ नवी सुरुवात ठरतो, म्हणून ब मध्येच राहा. क वरून ० आला तर शेवटी १०० आहे. १०११ ची सुरुवात १ ने होते आणि इथे शेवटाला नुसते शून्य आहे, तेव्हा खरोखरच अ. ड वरून ० आला तर १०१० झाले. क्रम मोडला, पण शेवटचे १० शाबूत आहेत, म्हणून बाण क कडे. आणि क्रम पुरा झाल्यावर, १०११ नंतर, शेवटचा १ हाती उरतो, म्हणून ड वरचा १/१ चा बाण ब कडे. "सामाईक बिट चालतील" ही अट डायग्रॅममध्ये या एकाच बाणात उतरते. तो अ कडे नेला की यंत्र सामाईक बिट न मोजणारे होते.

आता १०१०११०११ हा प्रवाह चालवून पाहा. अ पासून सुरू करून अवस्था येतात ब, क, ड, क, ड, ब, क, ड, ब. सहाव्या आणि नवव्या बिटाला बाहेर १ मिळतो. ड वरचा ० चा बाण कोणी अ कडे नेला असेल तर सहाव्याचा १ बुडतो. १/१ चा बाण अ कडे नेला असेल तर नवव्याचा बुडतो. तपासायला हा प्रवाह यासाठीच निवडला आहे. नुसता १०११ देऊन पाहिला तर तिन्ही डायग्रॅम बरोबर वाटतील.

ड वरचा ० चा बाण किती महत्त्वाचा, हे इथरनेटमध्ये दिसते. तिथे प्रत्येक फ्रेमच्या आधी एक आड एक असे १०१०१०... चे ५६ बिट येतात आणि त्यानंतर १०१०१०११ हा आठ बिटांचा संकेत येतो : आता फ्रेम सुरू. त्याचे शेवटचे चार बिट म्हणजे आपलाच १०११. खरा संकेत आठ बिटांचा असला तरी आपले यंत्र या ६४ बिटांवर चालवून पाहण्यासारखे आहे. बरोबर काढलेले यंत्र क आणि ड यांच्यात ये-जा करत राहते आणि शेवटच्या ११ ला बाहेर १ देते. चुकीचे यंत्र दर चार बिटांनी ब, क, ड, अ असे फिरते. ६४ पैकी एकही बिट हुकला नाही तर ६३ व्या बिटानंतर ते नेमके ड मध्ये असते आणि तेही बरोबर उत्तर देते! पण ग्राहक बाजू क्लॉक जुळवत असताना सुरुवातीचे काही बिट हातचे जाऊ शकतात. एक किंवा दोन गेले की ६३ व्या बिटानंतर हे यंत्र ब मध्ये असते आणि संकेत हुकतो. तीन किंवा चार गेले की पुन्हा सापडतो. कधी चालते आणि कधी नाही अशी ही चूक टेबलावर शोधून काढणे फार त्रासाचे असते. कागदावर मात्र ती एका बाणात दिसते.

डायग्रॅम पक्की झाली की सर्किट जवळ आलेच. अ ला 00, ब ला 01, क ला 10, ड ला 11 हे आकडे द्या. X हा आलेला बिट, Z बाहेर जाणारा, Q1 आणि Q0 सध्याची अवस्था, D1 आणि D0 पुढची :

```
D0 = X
D1 = X'·Q0 + X·Q1·Q0'
Z  = X·Q1·Q0
```

पहिल्या ओळीकडे पाहा. १ चे सगळे बाण ब किंवा ड कडे जातात, ० चे अ किंवा क कडे. म्हणून एक फ्लिप-फ्लॉप नुसता शेवटचा बिट धरून ठेवतो. आकडे असे दिल्यामुळे अर्धे सर्किट फुकट मिळाले.

दोन गोष्टी सांभाळा. वीज सुरू होताच फ्लिप-फ्लॉप कुठल्याही अवस्थेत उठू शकतात. ते ड मध्ये उठले आणि पहिलाच बिट १ आला तर खोटा १ बाहेर जाईल, म्हणून रीसेट देऊन अ पासून सुरुवात करावी. दुसरी गोष्ट अशी की Z थेट X वर अवलंबून आहे. यंत्र ड मध्ये असताना X मध्येच थरथरला तर Z ही थरथरतो, म्हणून Z क्लॉकच्या ठोक्यालाच वाचावा. हे नको असेल तर एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने बाहेरचा बिट बाणावर न लिहिता वर्तुळात लिहितात. मग "१०११ मिळाले" अशी पाचवी अवस्था लागते, फ्लिप-फ्लॉप तीन होतात आणि उत्तर पुढच्या ठोक्यानंतर दिसते. या पाचव्या अवस्थेतून ० आला तर बाण कुठे जाईल, हे आता तुम्हाला सांगावे लागणार नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत ११०१ साठी चार वर्तुळांची डायग्रॅम काढून ठेवा, सामाईक बिट धरून. मग तिच्यावर ११११०१ आणि ११०११०१ हे प्रवाह चालवा. पहिल्यात एकदा आणि दुसऱ्यात दोनदा १ मिळाला नाही, तर आधी मागे वळणारे बाण तपासा.