भागधारकांचा मुक्त रोख प्रवाह व भागभांडवलाचे मूल्यमापन

कर व व्याज भरून, यंत्रसामग्री आणि खेळते भांडवल यांसाठी लागणारा पैसा वेगळा काढून व कर्जाची देवघेव पुरी करून कंपनीपाशी सामान्य भागधारकांना देता येण्याजोगी जी रोकड उरते, तीस भागधारकांचा मुक्त रोख प्रवाह म्हणतात. पुढील वर्षांतील अशा रोकडीचे वर्तमान मूल्य काढून भागभांडवलाचे मूल्य ठरविता येते. ही रोकड आणि लाभांश एक नव्हेत. लाभांश म्हणजे संचालक मंडळाने प्रत्यक्षात वाटलेली रक्कम. मुक्त रोख प्रवाह म्हणजे वाटता आली असती अशी रक्कम.

दुसरी पद्धत संपूर्ण कंपनीच्या मूल्यमापनाची होय. तीत व्याज व कर्ज यांचा विचार न करता भागधारक व धनको या दोहोंच्या वाट्याची रोकड एकत्र मोजतात, दोहोंच्या अपेक्षित परताव्यांच्या भारित सरासरी दराने तिचे वर्तमान मूल्य काढतात आणि त्यातून कर्ज वजा करून भागधारकांचा हिस्सा मिळवितात. पहिल्या पद्धतीत भागधारकांची रोकड भागधारकांच्याच अपेक्षित दराने वटवितात. एका पद्धतीचा प्रवाह व दुसरीचा दर अशी सरमिसळ केल्यास उत्तर चुकते. दोन्ही पद्धतींतील कळीचा फरक मात्र निव्वळ कर्जउभारणी या एका रकमेत आहे. वर्षात घेतलेल्या नव्या कर्जातून फेडलेले मुद्दल वजा केले असता ही रक्कम येते. मुदत संपलेले कर्ज तेवढ्याच नव्या कर्जाने फेडले, तर ती शून्य असते.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचा व्याज व कर यांपूर्वीचा पुढील वर्षाचा नफा १४४ कोटी रु., कराचा दर २५ टक्के, घसारा ६० कोटी, भांडवली खर्च ९० कोटी आणि खेळत्या भांडवलातील वाढ १० कोटी रु. आहे. तिच्यावर ८ टक्के व्याजाचे ४०० कोटींचे कर्ज आहे, सर्व रकमा दरसाल ४ टक्क्यांनी वाढतात आणि भागधारकांना १४ टक्के परतावा अपेक्षित आहे. करानंतरचा नफा व्याज न धरता १०८ कोटी होतो. त्यात घसारा मिळवून भांडवली खर्च व खेळत्या भांडवलातील वाढ वजा केली म्हणजे संपूर्ण कंपनीचा मुक्त रोख प्रवाह ६८ कोटी येतो. कर्जाचे प्रमाण बाजारमूल्याच्या ४० टक्के व करबचत धरून कर्जाचा परिव्यय ६ टक्के असल्याने भारित सरासरी दर १०.८ टक्के होतो. त्यातून ४ टक्के वाढ वजा जाता ६.८ टक्के उरतात. या दराने ६८ कोटींचे मूल्य १,००० कोटी भरते आणि कर्ज वजा जाता भागधारकांकडे ६०० कोटी राहतात.

हीच गणना भागधारकांच्या बाजूने करू. ३२ कोटी व्याज दिल्यावर निव्वळ नफा ८४ कोटी राहतो. घसारा मिळवून आणि दोन्ही गुंतवणुका वजा करून ४४ कोटी उरतात. कंपनी ४ टक्क्यांनी वाढत असताना कर्जाचे प्रमाण तेच राखावयाचे, तर कर्जही ४ टक्क्यांनी, म्हणजे १६ कोटींनी वाढले पाहिजे. हे १६ कोटी मिळवून ६० कोटींचा प्रवाह होतो. १४ टक्क्यांतून ४ टक्के वाढ वजा करून येणाऱ्या १० टक्के दराने त्याचे मूल्य पुन्हा ६०० कोटीच येते. कर्जाचे प्रमाण स्थिर असेल आणि ते बाजारमूल्यावर मोजले असेल, तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात.

प्रमाण स्थिर नसेल, तेव्हा पहिली पद्धत फसवी ठरते. समजा, कंपनीने एखाद्या वर्षी १६ ऐवजी ५६ कोटींचे निव्वळ कर्ज उभारले. त्या वर्षीचा प्रवाह १०० कोटी होतो. तोच कायमचा मानून भाग दिला, तर भागभांडवलाचे मूल्य १,००० कोटी दिसते. कारखान्यात मात्र एका खिळ्याचीही भर पडलेली नसते. या आकड्यामागे दडलेले गृहीत असे की, कंपनी दरसाल अशाच वाढत्या प्रमाणात कर्ज काढीत राहील. तसे झाल्यास चोविसाव्या वर्षी कर्ज संपूर्ण कंपनीच्या मूल्यापेक्षाही अधिक होईल. म्हणून दूरच्या वर्षांसाठी धरलेली कर्जउभारणी तपासण्याची सोपी कसोटी अशी, की तिला त्या वेळच्या एकूण कर्जाने भागले असता कंपनीच्या वाढीचा दर यावा. वरील उदाहरणात १६ भागिले ४०० म्हणजे ४ टक्के येतात. ५६ घेतल्यास १४ टक्के येतात.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म व म्हणून अधिक प्रचलित आहे. समजा, कंपनीने आज ४० कोटींचे जादा कर्ज काढून ती रक्कम भागधारकांना वाटून टाकली व पुढे ४४० कोटींचे कर्ज ४ टक्क्यांनीच वाढविले. आता भागधारकांचा प्रवाह ५९.२ कोटी होतो. अपेक्षित दर १४ टक्केच ठेवला, तर मूल्य ५९२ कोटी येते. हाती पडलेले ४० कोटी धरून एकूण ६३२ कोटी. केवळ कर्ज काढल्याने ३२ कोटींचा लाभ झाल्यासारखे वाटते. वस्तुतः धनकोंचा अग्रहक्क वाढल्याने भागधारकांची जोखीम वाढते व त्यांचा अपेक्षित दरही चढतो. फ्रँको मोदिल्यानी व मर्टन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये हा संबंध मांडला आणि १९६३ मध्ये त्यात कराच्या परिणामाविषयी दुरुस्ती केली. कर्ज मुळीच नसते, तर या कंपनीच्या भागधारकांनी ११.६ टक्के परतावा मागितला असता. त्यावरून वाढलेल्या कर्जासह त्यांचा दर सुमारे १४.४ टक्के ठरतो. या दराने मूल्य सुमारे ५७०.५ कोटी येते व वाटप धरून ६१०.५ कोटी. खरा लाभ साडेदहा कोटींचाच असून तो जादा व्याजावरील करबचतीचा आहे. उरलेले साडेएकवीस कोटी दर न बदलल्यामुळे दिसलेला आभास होत. कंपनी अडचणीत येण्याचा धोका वाढला, तर ही करबचतही त्यात वाहून जाते.

प्रत्यक्ष ताळेबंदावरून निव्वळ कर्जउभारणी काढताना बँकेचे अल्पमुदतीचे कर्ज खेळत्या भांडवलात मोजले जाऊन घोटाळा होतो. हे व्याजी कर्ज असल्याने त्याची वाढ कर्जउभारणीतच धरावी. दोन्हीकडे धरल्यास ती दुप्पट मोजली जाते. अग्रहक्क भागांवरील लाभांशही सामान्य भागधारकांच्या प्रवाहातून आधी वजा करावा लागतो.

ज्या कंपनीचे कर्ज झपाट्याने फेडले जात आहे किंवा वाढत आहे, तिच्यासाठी संपूर्ण कंपनीचे मूल्यमापन सोयीचे पडते, कारण तिच्या रोख प्रवाहात कर्जाची चढउतार शिरत नाही. मात्र तेथेही भारित सरासरी दर वर्षागणिक बदलावा लागतो. हे टाळण्यासाठी आधी कर्जरहित कंपनीचे मूल्य काढून त्यात करबचतीचे मूल्य स्वतंत्रपणे मिळविण्याची रीत स्ट्युअर्ट मायर्स यांनी १९७४ मध्ये सुचविली. बँका व वित्तसंस्था यांच्या बाबतीत मात्र भागधारकांच्या बाजूनेच गणना करणे इष्ट असते. ठेवी हे बँकेचे कर्जही आहे आणि तिच्या धंद्याचा कच्चा मालही. त्यांवरील व्याज बाजूला ठेवून बँकेचा प्रवाह मोजण्यास अर्थ राहत नाही. तेथे निव्वळ कर्जउभारणीऐवजी नियामकांनी ठरविलेल्या भांडवल-प्रमाणापेक्षा जादा राहणारे भांडवल, म्हणजेच वाटपास मोकळी असणारी रक्कम, हिशेबात घेतात.