महामार्ग बंद, कास्टिंग अडकलं: जबाबदार कोण?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली एक फाउंड्री आणि भोसरीतला पंपांचे सुटे भाग बनवणारा लहान कारखानदार, असं उदाहरण घेऊ. फाउंड्रीने दरमहा ४०० कास्टिंग द्यायची, असा दोघांमध्ये मराठीत करार झालेला आहे. त्यातलं एक कलम असं: ‘नैसर्गिक आपत्ती, संप, सरकारी बंदी इत्यादी आवाक्याबाहेरील कारणांमुळे माल देण्यास उशीर झाल्यास पुरवठादार जबाबदार राहणार नाही. मात्र त्याने ताबडतोब लेखी कळवावे.’ कायद्याच्या भाषेत हे फोर्स मॅज्योरचं कलम. पुढे कारखानदाराला चेन्नईची ऑर्डर मिळते आणि तिथला खरेदीदार या कराराची इंग्रजी प्रत मागतो.

घाईत काम करणारा अनुवादक ‘आवाक्याबाहेरील कारणे’ या शब्दांसाठी ‘अ‍ॅक्ट ऑफ गॉड’ लिहून मोकळा होतो. त्याने कलम एकदम आक्रसतं. अ‍ॅक्ट ऑफ गॉड म्हणजे पूर, भूकंप, वादळ अशा निसर्गाच्या घटना. फोर्स मॅज्योरची कल्पना त्याहून व्यापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच धनराजमल गोविंदराम खटल्यात सांगितलं. संप आणि सरकारी बंदी माणसांनी घडवलेल्या असतात. मूळ करारात त्यांना जागा होती, इंग्रजीत ती गेली. उलट टोकाची चूकही होते. कलम भारदस्त दिसावं म्हणून अनुवादक एखाद्या तयार नमुन्यातली युद्ध, दंगल, साथीचे रोग अशी लांबलचक यादी घालतो. दोघांनी कधीच न ठरवलेली सवलत त्यामुळे पुरवठादाराच्या पदरात पडते.

‘इत्यादी’ हा साधा शब्दही वगळून चालत नाही. तो असला, की यादीत नसलेली पण त्याच जातीची घटना कलमात बसवता येते. ‘ताबडतोब’चं ‘सात दिवसांत’ करणं हाही नवा करारच झाला. मुदत हवीच असेल तर दोघांनी पुरवणी करार करून ती घालावी. अनुवादकाने परस्पर घालू नये.

आता हे कलम प्रत्यक्षात कसं लागू होतं ते पाहू. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी फाउंड्रीत पाणी शिरलं नसलं, तरी तयार माल बाहेर काढायला रस्ता नाही. फाउंड्रीने त्याच दिवशी ई-मेलने कळवलं असेल, तर तेवढ्या दिवसांच्या उशिराला कलमाचं संरक्षण मिळतं. नुसता फोन केला असेल, तर ‘लेखी’ ही अट पाळली गेली नाही आणि वादाला तोंड फुटतं. रस्ता उघडल्यावरही महिनाभर माल आला नाही, तर त्या उशिराचं कारण पूर नव्हे. घटना यादीत आहे एवढंच पुरत नाही. उशीर तिच्यामुळेच झाला, हे दाखवावं लागतं.

समजा, फाउंड्री म्हणाली की भंगार आणि पिग आयर्न महागलं, जुन्या दरात परवडत नाही. या कारणाला हे कलम लागू होत नाही. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग खटल्यात इंडोनेशियाचा कोळसा महागल्याचं कारण वीज कंपन्यांनी पुढे केलं होतं. करार पाळणं महाग पडलं म्हणून ते अशक्य ठरत नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. दरवाढीची सोय हवी असेल, तर दर ठरवण्याचं वेगळं कलमच लागतं.

माझ्या मते मधल्या कारखानदाराने सगळ्यात जास्त काळजी घ्यावी ती वेगळ्याच ठिकाणी. पुरामुळे फाउंड्री सुटली. पण कारखानदार चेन्नईच्या खरेदीदाराच्या तावडीतून सुटतो का? भोसरीत तर पूर आलेलाच नाही. चेन्नईच्या करारात ‘उपपुरवठादारावर आलेली अशीच आपत्ती’ हे शब्द नसतील, तर उशिराचा दंड कारखानदाराच्या बिलातून कापला जाण्याची भीती असते, आणि तो फाउंड्रीकडून वसूल करायचा मार्ग मराठी कलमाने आधीच बंद केलेला असतो. म्हणून इंग्रजी प्रत तयार झाली, की ती चेन्नईच्या कराराशेजारी ठेवून कोणत्या घटना, किती मुदत आणि कोणाला संरक्षण, एवढं ओळीओळीने ताडून पाहावं.

‘कोणाला’ हा प्रश्न तर मुळीच सोडू नये. एप्रिल २०२० मध्ये पोलाद आयात करणाऱ्या कंपन्यांनी लॉकडाउनचं कारण देऊन कोरियन विक्रेत्याचे पैसे थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. न्यायालयाने दिलासा नाकारला, आणि त्यामागचं एक कारण असं होतं की फोर्स मॅज्योरचं कलम फक्त विक्रेत्यासाठी लिहिलेलं होतं. शिरोलीच्या करारातही नाव फक्त पुरवठादाराचं आहे. पुरात भोसरीच्या कारखानदाराचे पैसे अडकले, तर बिल थकवायला हे कलम त्याच्या उपयोगाचं नाही. अनुवादात ‘पुरवठादार’च्या जागी ‘दोन्ही पक्ष’ लिहून ही उणीव भरून निघणार नाही. मराठी आणि इंग्रजी प्रतींत फरक पडल्यास कोणती ग्राह्य धरायची, हे लिहिताना त्याच पुरवणी करारात कारखानदाराने आपलंही नाव घालून घ्यावं, आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.