तीन अ‍ॅप, एक मांडणी

आम्ही बोरी अरबहून, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातून, तूरडाळीची एक किलोची पाकिटं विकतो. माल एकाच मांडणीवर असतो आणि तीन अ‍ॅपवर दिसतो. घोळ तिथंच आहे. मांडणीवर १० पाकिटं असली की तिन्हीकडे १० दिसतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे ३० पाकिटं आहेत! एका अ‍ॅपला दुसऱ्याचं काही कळत नाही. ते सांगणं आपलं काम.

आमची कशी फजिती झाली ते आधी ऐका. सकाळी ९ वाजता मोजलं, १० पाकिटं. एक्सेलमध्ये आकडा भरला, फाइल तयार केली आणि लाईट गेली. वीस मिनिटांनी नेट आलं, आम्ही फाइल चढवली आणि निवांत झालो. त्या वीस मिनिटांत पहिल्या अ‍ॅपवर ३ पाकिटं विकली गेली होती, दुसऱ्यावर २. ऑर्डर आली की अ‍ॅप आपला आकडा स्वतःच कमी करतं, म्हणून तिथं ७ आणि ८ झाले होते. आमच्या फाइलनं दोन्हीकडे पुन्हा १० करून ठेवले. विकलेली पाकिटं जणू परत मांडणीवर आली! दुपारपर्यंत आणखी ८ ऑर्डरी पडल्या. एकूण १३, माल १०. तीन ऑर्डरी आम्हालाच रद्द कराव्या लागल्या.

रद्द केल्या तर काय होतं, असं कोणी विचारेल. विक्रेत्यानं स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण ही अ‍ॅपं मोजतात. अ‍ॅमेझॉनवर ते २.५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. मोठ्या व्यापाऱ्याला तीन ऑर्डरी म्हणजे काहीच नाही. पण आपल्या ४० ऑर्डरींत एक रद्द झाली की तिथंच २.५ टक्के भरले. लहान माणसाला चूक परवडत नाही ती अशी.

तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. आधी तिन्ही अ‍ॅपवरच्या नव्या ऑर्डरी उतरवून घ्यायच्या, ऑर्डर नंबर बघून वहीत लिहायच्या, म्हणजे एकच ऑर्डर दोनदा वजा होत नाही. मग आकडा काढायचा आणि लगेच चढवायचा. मध्येच नेट गेलं तर ती फाइल शिळी झाली, टाकून द्या आणि पहिल्यापासून करा. चूक ओळखायची खूण सोपी आहे: नवीन माल आला नाही आणि तरी अ‍ॅपवरचा आकडा वाढलेला दिसतोय, तर शिळी फाइल चढली म्हणून समजा.

आकडा काढतानाही एक खड्डा आहे. मांडणीवर दिसतं ते सगळं विकाऊ नसतं. रात्री ऑर्डर आली, कुरिअरवाला अजून यायचा आहे, पाकीट मांडणीवरच आहे. ते मोजलं की फसलो. म्हणून:

```
विकाऊ = मांडणीवरची पाकिटं − ऑर्डर आलेली पण न गेलेली
```

आम्ही तर ऑर्डर आली की पाकीट उचलून वेगळ्या खोक्यात टाकतो. मग वजाबाकीही डोक्यात ठेवावी लागत नाही. कुरिअरकडून परत आलेलं पाकीट मात्र उघडून बघितल्याशिवाय मांडणीवर जात नाही.

आता शेवटच्या पाकिटांचं. पुष्कळ जण कायमच थोडी पाकिटं लपवून कमी आकडा दाखवतात. आमच्या मते त्याची गरज नाही. आम्ही दर अर्ध्या तासानं आकडा चढवतो. महिनाभराच्या ऑर्डरी चाळल्या तर कुठल्याही अर्ध्या तासात तिन्ही मिळून ४ च्या वर विक्री नव्हती. म्हणजे ५० पाकिटं असताना तिन्हीकडे ५० दाखवली तरी पुढच्या फेरीपर्यंत माल संपत नाही. धोका असतो तो माल ४ च्या आसपास आला की. थोडं हाताशी असावं म्हणून आम्ही ६ ही रेषा धरली. विकाऊ पाकिटं ६ किंवा कमी झाली की दोन अ‍ॅपवर शून्य, आणि उरलेली सगळी एकाच अ‍ॅपवर. एकटं अ‍ॅप आपल्या आकड्यापेक्षा जास्त विकत नाही, त्यामुळे तिथं शेवटचं पाकीटसुद्धा बिनघोर जातं. यात दोन अ‍ॅपवरची चार-दोन गिऱ्हाइकं हुकतात, ते मान्य. अ‍ॅपवर सेल लागला की मात्र ही रेषा चालत नाही. त्या दिवसांत फेरी दहा मिनिटांवर आणतो आणि रेषाही वर नेतो.

एक राहिलं. दुकानात येऊन पाकीट मागणारं गिऱ्हाईक हे चौथं अ‍ॅपच आहे. त्याच्या हातात पाकीट देण्याआधी वहीत लिहा, आणि माल रेषेखाली असेल तर त्या एका अ‍ॅपवरचा आकडा आधी कमी करा, मग पैसे घ्या.