एमएसला किती आरपीएम? आधी व्यास सांगा

‘एमएस आहे ना, मग दोनशेवर चालव.’ लेथवर नवा पोरगा उभा राहिला की हा सल्ला त्याला हमखास मिळतो. पण धातूनुसार आरपीएम ठरतो, हाच पहिला गैरसमज आहे. धातू आणि टूल यांवरून ठरतो तो कटिंग स्पीड, म्हणजे जॉबचा पृष्ठभाग टूलच्या धारेसमोरून मिनिटाला किती मीटर सरकतो तो वेग. हँडबुकातल्या तक्त्यात हाच आकडा असतो. त्यावरून आरपीएम काढायला व्यास लागतोच:

N = (1000 × V) / (π × D)

V मीटर प्रति मिनिट, D मिलिमीटरमध्ये. वरचे 1000 हे मीटरचे मिलिमीटर करण्यासाठी आहेत. 1000 ला π ने भागलं की जवळजवळ 318 येतात, म्हणून मशीनपाशी 318 × V / D एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

50 मिमीचा एमएस बार आणि एचएसएस टूल घेऊ. V साधारण 30 धरला तर 318 × 30 / 50, म्हणजे 191 आरपीएम. इथे ‘दोनशे’ जवळपास बरोबर ठरतात. पण त्याच शाफ्टच्या टोकाला 20 मिमीची स्टेप असेल तर तिथे 477 हवेत. 191 वरच चालवलं तर धारेवरचा वेग 12 मीटरवर येतो. वेळ वाया जातो तो वेगळाच. शिवाय इतक्या कमी वेगात एमएसचे कण धारेला चिकटून बसतात, तुटताना पृष्ठभाग ओरबाडतात आणि फिनिश खडबडीत येतं. पोरगा मात्र टूलला धार नाही म्हणून ग्राइंडरकडे पळतो.

दुसरा गोंधळ गिअरचा. 191 हा टप्पा लेथवर नसतोच. समजा हेडस्टॉकच्या पट्टीवर 112, 180, 280, 450 असे टप्पे आहेत. ‘थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं? काम लवकर उरकेल,’ असं म्हणून 280 लावलं जातं. 50 मिमीवर 280 म्हणजे 44 मीटर, जवळजवळ दीडपट. एफ. डब्ल्यू. टेलर यांनी 1907 साली मांडलेलं टूलच्या आयुष्याचं सूत्र इथे नीट समजून घ्यायला हवं. त्यात एचएसएससाठी घातांक साधारण 0.125 धरतात, म्हणजे वेग जितक्या पटीने वाढतो त्याच्या आठव्या घाताने आयुष्य घटतं. दीडपटीचा आठवा घात पंचविसाच्या आसपास जातो. 44 आणि 30 चा नेमका हिशेब केला तर आयुष्य विसाव्या हिश्शावर येतं, तासभर टिकणारी धार तीन मिनिटांत बसते. म्हणून खालचा टप्पा, 180, घ्यायचा. त्यात वेग 28 मीटर मिळतो आणि फारसं काही हातचं जात नाही. वेग जास्त झालाय हे चिपही सांगते: एचएसएसने काम करताना ती निळी पडू लागली की धार मऊ व्हायची वेळ आली. कार्बाइडला मात्र निळी चिप चालते, तिथे नियम वेगळा आहे.

व्यास कुठला धरायचा, यावरही वाद होतात. 50 चा बार 44 करायचा असेल तर हिशेब 50 वर करावा, कारण धारेला सर्वाधिक वेग बाहेरच्या कडेवर सोसावा लागतो. बोअरिंगला याच कारणाने उलट: कापून झाल्यावर भोकाचा जो व्यास होणार तो धरायचा.

सीएनसीवर हा हिशेब कंट्रोल करतो, म्हणून ‘तिथे विचारच नको’ हा समज मात्र धोक्याचा आहे. फानुक कंट्रोलच्या नेहमीच्या टर्निंग प्रोग्रॅममध्ये या दोन ओळी बघा:

```
G50 S1800
G96 S150 M03
```

G96 नंतरचा S150 हा आरपीएम नाही, तो 150 मीटर प्रति मिनिट आहे. कार्बाइड टिपने 50 मिमीवर स्पिंडल 955 ने फिरेल, आणि फेसिंग करत टूल आत येईल तसा कंट्रोल वेग वाढवत नेईल. 10 मिमीवर हिशेब 4770 वर जातो, मध्यबिंदूपाशी तर त्याला अंतच नाही. फिरण्याचा वेग वाढला की चकचे जॉ बाहेर फेकले जातात आणि त्यांची पकड ढिली होते. G50 ची मर्यादा त्यासाठी असते. ती चकवर कोरलेल्या कमाल आरपीएमच्या आतच हवी, आणि जॉब लांब किंवा वेडावाकडा असेल तर आणखी खाली.

ही शेवटची अट साध्या लेथलाही लागू आहे. तक्त्यातला वेग घट्ट पकडलेल्या, सरळ कापल्या जाणाऱ्या जॉबसाठी असतो. टेलस्टॉकचा आधार नसलेला लांब बार, खाचेमुळे धक्के देणारा कट किंवा थ्रेडिंग असेल, तर सूत्रातून आलेल्या आकड्याच्या बरंच खाली सुरुवात करा, आणि चिप, आवाज व फिनिश बघत टप्प्याटप्प्याने वाढवा.