आठ वजीर आणि एक मेलेली रांग

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे बसवायचे की कुणीच कुणाला मारू शकणार नाही. माक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने १८४८मध्ये हे कोडं मांडलं. थोर गणिती गाउसही त्यात गुंतला होता, पण त्याला सगळी उत्तरं मिळाली नाहीत. १८५०मध्ये फ्रान्झ नाउकने ९२ मांडण्या जाहीर केल्या आणि तोच आकडा बरोबर ठरला.

वजीर आडवा, उभा आणि तिरपा, तिन्हीकडे मारतो. चौसष्ट घरांतली कुठलीही आठ निवडायची म्हटलं तर सुमारे ४४२ कोटी प्रकार होतात. पण एका आडव्या रांगेत दोन वजीर बसूच शकत नाहीत, म्हणजे प्रत्येक रांगेत नेमका एक हवा. एवढं लक्षात घेतलं की प्रकार १,६७,७७,२१६वर येतात. तेही एकेक करून पूर्ण मांडायचे आणि मग तपासायचे म्हणजे वेळेची नासाडीच, कारण पहिले दोन वजीरच एकमेकांना मारत असतील तर पुढचे सहा कुठे बसवले याने काय फरक पडतो?

म्हणून बॅकट्रॅकिंग. वरून खाली एकेका रांगेत वजीर बसवत जायचं, प्रत्येक वेळी डावीकडून पहिलं सुरक्षित घर घ्यायचं. एखाद्या रांगेत असं घरच उरलं नाही, तर मागच्या रांगेत जाऊन तिथला वजीर पुढच्या सुरक्षित घरात सरकवायचा. तिथेही पर्याय संपले तर आणखी एक रांग मागे.

पट घेऊन करून पाहा. पहिल्या रांगेत पहिलं घर. दुसऱ्या रांगेत १ आणि २ माऱ्यात, म्हणून ३. मग तिसऱ्या रांगेत ५, चौथ्या रांगेत २, पाचव्या रांगेत ४. आता सहावी रांग. तिथली आठही घरं माऱ्यात! मागे येऊन पाचवा वजीर ४वरून ८व्या घरात नेला, तरी सहावी रांग बंदच. पाचव्या रांगेत आता पर्याय नाही, म्हणून चौथा वजीर २वरून ७व्या घरात न्यायचा.

आता गाडी सुरळीत चालते. पाचव्या रांगेत २, सहाव्या रांगेत ४, सातव्या रांगेत ६. सात वजीर सुखरूप बसले आणि आठव्या रांगेसाठी एकच उभी पट्टी उरली, आठवी. पण ते कोपऱ्यातलं घर पहिल्या वजिराच्याच तिरप्या माऱ्यात येतं. सगळं जमत आलं असताना पुन्हा मागे! सातव्या आणि सहाव्या रांगेत दुसरं घरच नाही, त्यामुळे थेट पाचवा वजीर २वरून ४वर. असं करत करत पहिलं उत्तर हाती लागतं: १, ५, ८, ६, ३, ७, २, ४.

या पद्धतीने सगळी ९२ उत्तरं काढायची असतील, तर अर्धवट आणि पूर्ण धरून फक्त २,०५६ सुरक्षित मांडण्या पटावर येतात. पावणेदोन कोटींच्या जवळच्या आकड्यासमोर हे काहीच नाही. १, ३, ५, २, ४ या मांडणीवर सहावी रांग बंद दिसली, तेव्हा खालच्या तीन रांगांचे ५१२ प्रकार न मांडताच बाद झाले. वरच्या रांगेत चूक लवकर सापडली, तर तिच्याखालची फांदी आणखी मोठी असते.

पण वरचा डाव पुन्हा नीट बघा. पाचव्या रांगेत आपण ४ आणि ८ अशी दोन घरं चाचपली आणि दोन्ही वेळा सहाव्या रांगेत अडकलो. खरं तर तिथे पाचव्या वजिराचा काही दोषच नव्हता. पहिले चार वजीर १, ३, ५, २ या घरांत बसले तेव्हाच सहावी रांग मेली होती. तिथली १, २, ३ आणि ५ ही घरं उभ्या पट्ट्यांमुळे गेली. ६वर पहिल्याचा तिरपा मारा, ७वर दुसऱ्याचा, ८वर तिसऱ्याचा आणि ४वर चौथ्याचा. साध्या बॅकट्रॅकिंगला हे दिसत नाही, कारण ते फक्त आपण उभे आहोत त्या रांगेकडे पाहतं.

उपाय उघड आहे. प्रत्येक वजीर बसवल्यावर पुढच्या सगळ्या रांगांवर नजर टाकायची. एकीतही घर उरलं नसेल तर तिथूनच परतायचं. असं केलं असतं तर चौथा वजीर ठेवताच ४,०९६ प्रकारांची फांदी छाटली गेली असती. मात्र ही नजर फुकट मिळत नाही. प्रत्येक पावलाला उरलेल्या घरांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि आठाच्या पटावर साधी पद्धतही संगणकावर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. तिथे एवढा खटाटोप मला तरी अनाठायी वाटतो.

पट मोठा झाला की सगळी उत्तरं मोजणं भलतंच अवघड होतं, कारण छाटणी करूनही उरलेल्या फांद्या अफाट असतात. २७ गुणिले २७च्या पटावरच्या मांडण्यांचा नेमका आकडा २०१६मध्ये, खास यंत्रणा लावून मिळाला. तो अठरा अंकी आहे. कुठलीही एकच मांडणी पुरणार असेल, तर मात्र चार किंवा त्याहून मोठ्या कोणत्याही पटासाठी ती ठरावीक नियमाने सरळ लिहून काढता येते, एकदाही मागे न फिरता.