पिवळ्या फितीचे पदक

वस्तुसंग्रहालयातल्या अभिरक्षकांकडे येणाऱ्या पत्रांत एक ठरलेला प्रकार असतो. घरात जुनी वस्तू सापडते, तिच्यावरची अक्षरे कोणालाच लागत नाहीत, आणि मग प्रश्न येतो: ही कोणत्या देशाची? नाण्या-पदकांचा विभाग सांभाळणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी असेच एक पत्र माझ्याकडे पाठवले. पदकांचा नाद मला विद्यार्थिदशेपासून आहे, आणि त्यातही लढाईवर गेलेल्या पण हाती बंदूक नसलेल्या माणसांच्या पदकांचा जास्त. पत्र सातारा जिल्ह्यातून आले होते. पणजोबांच्या ट्रंकेत काशाचे एक गोल पदक मिळाले. त्याच्या दोन्ही बाजूंना ‘उर्दूसारखी’ अक्षरे. घरात कोणी म्हणते निजामाचे, कोणी म्हणते तुर्कस्तानचे. सोबत दोन छायाचित्रे आणि शेवटी एक ओळ: फितीचा तुकडा शिल्लक आहे, पण विटलेला असल्याने फोटो काढला नाही.

माझ्या दृष्टीने त्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट ती फीतच होती. अक्षरे अनेक देशांत सारखी असतात, फितीचे रंग मात्र सहसा त्या-त्या पदकाचे स्वतःचे. म्हणून आधी फितीचा फोटो मागवला, आणि त्याबरोबर कडेचा. पदकाची कड पाहायची असते हे घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि नाव असले तर ते नेमके तिथेच कोरलेले असते.

तोवर अक्षरांकडे वळलो. पहिली तपासणी सुलतानाच्या तुघ्र्याची. ऑटोमन पदकांवर तो बहुधा असतो: तीन उभे दांडे आणि डावीकडे मोठी वळणे. इथे तो नव्हता. नुसते सुबक वळणदार नाव होते. दुसरी तपासणी भाषेची. फारसीत आणि उर्दूत प, च, ग यांसाठी खास अक्षरे आहेत. अरबीत ती नाहीत. पदकावर त्यांतले एकही दिसत नव्हते. पण चार शब्दांच्या मजकुरात एखादे अक्षर नसणे हा पुरावा होत नाही, नुसता कल कळतो. पक्का पुरावा नावात मिळाला. पुढच्या बाजूला लिहिले होते ‘अब्बास हिल्मी दुसरा’, आणि तेही अरबी व्याकरणाने. मागे तीन चंद्रकोरी व तारे असलेली लंबगोल ढाल, तिच्यामागे भाले, बंदुका, तोफ आणि गोळ्यांची रास. खाली मजकूर: सुदान परत जिंकल्याचा, आणि साल.

या सालाने घरातल्या मंडळींची फसगत केली होती. त्यांनी ओळखीच्या एका मुलाकडून आकडे वाचून घेतले, आणि त्याने अक्षरांप्रमाणे आकडेही उजवीकडून वाचले. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे चालते, पण संख्या आपल्यासारखीच डावीकडून वाचायची. शिवाय त्यातला चार आपल्या ३ ला आरशात धरावे तसा दिसतो, त्यामुळे मराठी डोळा तिथे हमखास तीन वाचतो. नीट वाचले तर साल निघते १३१४. हे हिजरी साल. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून आपल्यापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ३३ हिजरी वर्षांत आपली ३२ वर्षे बसतात. म्हणून १३१४ ला ३३ ने भागायचे, आलेले ४० वजा करायचे आणि ६२२ मिळवायचे: १८९६. काटेकोर सांगायचे तर जून १८९६ ते जून १८९७ चा आरंभ.

फितीचा फोटो आला आणि शंका उरली नाही. पिवळी फीत, मधोमध रुंद निळा पट्टा. वाळवंट आणि त्यातून वाहणारी नील. हे इजिप्तच्या खेदिवाचे सुदान पदक, फेब्रुवारी १८९७ मध्ये सुरू झालेले.

तेव्हा उत्तर ‘इजिप्त’. कार्डावर एवढे लिहून मोकळे होता आले असते. पण ज्या खेदिवाचे नाव पदकावर आहे, त्या अब्बास हिल्मीकडे जरा पाहू. १८९२ मध्ये तो गादीवर आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. कागदोपत्री तो ऑटोमन सुलतानाचा मांडलिक. प्रत्यक्षात १८८२ पासून देशात इंग्रजी फौज, आणि त्याच्या स्वतःच्या सैन्याचा सरदार, म्हणजे सेनापती, इंग्रज: किचनर. जानेवारी १८९४ मध्ये सरहद्दीवर वादी हल्फाला पाहणी करताना अब्बासने किचनरसमोर सैन्याच्या कवायतीवर टीका केली. किचनरने राजीनामा पुढे केला, कैरोतल्या इंग्रज प्रतिनिधीने, लॉर्ड क्रोमरने, दडपण आणले, आणि खेदिवाला त्याच सैन्याची जाहीर स्तुती करावी लागली. दोन वर्षांनी, मार्च १८९६ मध्ये, अडोव्याला इथिओपियाकडून इटलीचा पराभव झाला आणि लंडनने सुदानवर चाल करण्याचा निर्णय घेतला. खेदिवाला आधी विचारलेही नाही. मोहिमेचा सेनापती तोच किचनर. त्या मोहिमेच्या पदकावर नाव मात्र अब्बास हिल्मीचे. मला या तरुण राजाविषयी सहानुभूती वाटते. १९१४ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युतच केले.

आता पदक साताऱ्याला कसे पोहोचले? किचनरला नीलकाठाने वर सरकायचे होते, आणि तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदरात त्याची इजिप्शियन पथके अडकून पडली होती. त्यांना मोकळे करण्यासाठी हिंदुस्थानातून फौज मागवली गेली. ब्रिगेडियर जनरल एगर्टनच्या हाताखाली २६वी बॉम्बे इन्फन्ट्री, ३५वी शीख पलटण, पहिले बॉम्बे लान्सर्स हे घोडदळ, बॉम्बेची पाच नंबरची डोंगरी तोफांची बॅटरी आणि मद्रास सॅपर्सची एक तुकडी. १८९६ च्या उन्हाळ्यात ही माणसे सुआकिनला उतरली. लढायची उमेद होती. किचनरने फक्त पहाऱ्याचे काम दिले. प्यायला यंत्राने उकळून गाळलेले समुद्राचे पाणी, ताजा भाजीपाला नाही, आणि तांबड्या समुद्राचा उन्हाळा. स्कर्व्ही पसरली, हिरड्या सुजू लागल्या. एकही मोठी लढाई न पाहता डिसेंबरात फौज परतली. तेव्हा मुंबईत प्लेग सुरू झालेला होता.

या रिकाम्या पहाऱ्याचा पगार कोणी द्यायचा यावरून जो वाद झाला तो मला साऱ्या मोहिमेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमांना, परचक्र किंवा तातडीची गरज सोडली तर, हिंदी तिजोरीतला पैसा पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय वापरता येत नव्हता. लंडनचे म्हणणे असे की या पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने देत राहावा. ती माणसे घरी असती तरी तो द्यावाच लागला असता. कलकत्त्याच्या सरकारने, व्हाइसरॉय एल्गिनच्या सरकारने, याला लेखी विरोध केला: सुदानशी हिंदुस्थानचा काय संबंध, आणि घरी गरज नसलेली फौज आम्ही मुळात बाळगतोच कशाला, असे लोक विचारतील. जुलै १८९६ मध्ये कॉमन्समध्ये भारतमंत्री जॉर्ज हॅमिल्टन यांनी ठराव आणला, जॉन मोर्ले यांनी विरोध केला, आणि ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा हिंदी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. दादाभाई त्या कमिशनचे सभासद होते. हिंदुस्थानबाहेरच्या मोहिमांचा भार कोणावर, हा त्या कमिशनपुढचा एक मुख्य प्रश्न होता.

इजिप्तची तिजोरीही मोकळी नव्हतीच. मोहिमेसाठी कर्जफेडीच्या राखीव निधीतून पाच लाख इजिप्शियन पौंड काढले, तर फ्रान्स आणि रशियाच्या आक्षेपावरून मिश्र न्यायालयाने डिसेंबर १८९६ मध्ये ते परत करायला लावले. मग इंग्लंडने पैसे दिले. म्हणजे पदक इजिप्तचे, हुकूम लंडनचा, लढाई सुदानात, आणि मोतद्दाराचा पगार आपल्या शेतसाऱ्यातून.

मोतद्दार म्हणालो, कारण आता कडेचा फोटो आला होता. झिजलेल्या तिरक्या इंग्रजी अक्षरांत हुद्दा आणि पथक वाचता आले: सायस, पहिले बॉम्बे लान्सर्स. पण कड पाहण्याआधीच धातूने निम्मे सांगितले होते. हे पदक लढणाऱ्यांना चांदीचे मिळे. काशाचे मिळे ते बुणग्यांना: पखालजी, डोलीवाले, आचारी, झाडूवाले, घोड्यांचे मोतद्दार. हिंदी सैन्याच्या इंग्रजी पदकांत हा भेद १८८५ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून रूढ होता. सुआकिनच्या उन्हात मोतद्दाराने लान्सरपेक्षा कमी सोसले असेल असे मानायला मी तयार नाही. त्याचे पदक मात्र हलक्या धातूचे, आणि म्हणूनच आज दुर्मीळ. सैनिकांची नावे पलटणींच्या इतिहासात अधूनमधून तरी येतात. मोतद्दाराचे नाव पुष्कळदा फक्त या कडेवर असते.

दुर्मीळ म्हटले की नकला आल्याच, म्हणून तीही तपासणी केली. अस्सल पदक ठशाने ठोकलेले असते. नक्कल अस्सलाचा साचा घेऊन ओततात. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे ओतलेली नक्कल व्यासाने किंचित लहान भरते, आणि भिंगाखाली पृष्ठभाग रवाळ दिसतो. दुसरी लबाडी नाव बदलण्याची. जुने नाव कानशीने घासून नवे कोरले की कड त्या जागी बसते. कॅलिपरने दोन दिशांना व्यास मोजला तर फरक सापडतो. तिसरा प्रकार लबाडी नसून हौस असते: काशावर चांदीचा मुलामा. मुलामा झिजला की अक्षरांच्या उंचवट्यावर तपकिरी धातू डोकावतो. या पदकात यांतले काही नव्हते. फक्त कोणीतरी चिंचेने घासून ते लखलखीत केले होते, आणि कडेची अर्धी अक्षरे त्यातच गेली. काशावरचा काळपट थर हा मळ नव्हे. तो अक्षरांचे रक्षण करतो.

नाव मी इथे देत नाही. ते घरच्यांच्या पणजोबांचेच आहे हे पदकावरून सिद्ध होत नाही, कारण कडेवर बापाचे नाव नाही आणि गावही नाही. लंडनला पदकांच्या याद्या आहेत, राष्ट्रीय अभिलेखागारात आणि ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात. त्यांतही नावे इंग्रज कारकुनाने कानाला लागतील तशी लिहिलेली. घरात जुनी सनद, पेन्शनचा कागद, एखादा दाखला असेल तर तो शोधा, असे उत्तरात लिहिले.

आणि आणखी एक शोधायला सांगितले. सुआकिनच्या माणसांना बहुधा दोन पदके मिळत: एक खेदिवाचे, दुसरे राणीचे. दुसऱ्यावर व्हिक्टोरियाचा अर्धपुतळा, मागे बसलेली विजयदेवता आणि तिच्याखाली इंग्रजीत ‘सुदान’. फीत अर्धी पिवळी, अर्धी काळी, मध्ये बारीक लाल रेघ. तेही काशाचेच असेल. राणीचा चेहरा पाहून ते कोणी जुने नाणे समजून दुसऱ्या डब्यात टाकले असण्याचा संभव आहे. सापडले, तर चिंच लावण्याआधी कडेचा फोटो पाठवावा.