‘इतर’मध्ये कोण कोण आहे?

२०११च्या जनगणनेने भारतात १२१ भाषा मोजल्या. त्यांतल्या २२ आठव्या अनुसूचीतल्या, बाकीच्या ९९ तिच्याबाहेरच्या. हे आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकून पाय चार्टचं, म्हणजे शाळेतल्या वृत्तालेखाचं, बटण दाबून पाहा. निम्म्याहून थोडी कमी जागा हिंदी घेते. पुढे दहा पाकळ्या नीट ओळखू येतात आणि मग शेवटी रंगीत रेघांची नुसती गिचमिड दिसते. नावं एकमेकांवर चढलेली असतात आणि बाजूच्या रंगसूचीत एकाच निळ्याच्या चार छटा चार वेगळ्या भाषांना दिलेल्या असतात.

याचं कारण साध्या भूमितीत आहे. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणून एका टक्क्याला ३.६ अंश मिळतात. मासिकाच्या पानावर चार सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याचा परीघ साधारण २५ सेंटिमीटर भरतो आणि एका टक्क्याच्या वाट्याला काठावर अडीच मिलिमीटर येतात. कोकणी मातृभाषा सांगणारे देशात साडेबावीस लाख, म्हणजे ०.१९ टक्के. त्यांची पाकळी काठावर अर्धा मिलिमीटर रुंद होते. संस्कृत सांगणारे २४,८२१. त्यांना मिलिमीटरचा दोनशेवा भाग मिळतो. पाकळ्यांमध्ये आपण जी पांढरी रेघ ओढतो ती याहून कितीतरी जाड असते, म्हणजे संस्कृतची पाकळी त्या रेघेखालीच जाते. सगळं दाखवण्याच्या हट्टापायी काढलेला हा आलेख लहान भाषा दाखवतच नाही. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली तुर्की साम्राज्याचा प्रदेश वर्तुळात मांडला तेव्हा आशिया, युरोप आणि आफ्रिका असे तीनच भाग होते. हा आलेख अशाच मोजक्या वाटण्यांसाठी सोयीचा आहे.

उपाय सगळ्यांना माहीत आहे: लहान पाकळ्या एकत्र करून त्यांना ‘इतर’ म्हणायचं. पण लहान म्हणजे किती? इथे बहुतेक जण पाच टक्के किंवा एक टक्का असा गोल आकडा धरतात आणि पुढे जातात. तसं न करता प्रत्येक आकड्याने काय होतं ते मांडून पाहावं, असं माझं आग्रहाचं मत आहे.

पाच टक्क्यांची रेघ ओढली तर हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू आणि तमिळ एवढ्या पाचच भाषा उरतात. आलेख देखणा होतो. पण ‘इतर’ची पाकळी २९ टक्क्यांची होते, हिंदीखालोखाल सर्वांत मोठी. साडेपाच कोटींची गुजराती, पाच कोटींची उर्दू, कन्नड, ओडिया, मल्याळम, पंजाबी या सगळ्या तिच्यात गडप होतात. ‘इतर’ हाच जिथे दुसऱ्या क्रमांकाचा गट ठरतो, तो आलेख भारताच्या भाषांबद्दल फारसं काही सांगत नाही.

एक टक्क्याची रेघ ओढली तर तेरा भाषा राहतात. असमिया १.२६ टक्के आणि मैथिली १.१२ टक्के, यांच्या पाकळ्या काठावर तीन मिलिमीटरच्या आसपास येतात. त्यांत नाव मावत नाही आणि गर्दी तशीच राहते.

आता आकडे उतरत्या क्रमाने लावून त्यांच्यातलं अंतर पाहा. तमिळ ५.७०, गुजराती ४.५८, उर्दू ४.१९, कन्नड ३.६१, ओडिया ३.१०, मल्याळम २.८८, पंजाबी २.७४ आणि त्यानंतर एकदम असमिया १.२६. पंजाबीपर्यंतची उतरण सावकाश आहे आणि तिथून आकडा निम्म्याहून खाली घसरतो. रेघ इथेच ओढावी, कारण इथे आकडेवारीतच फट आहे. ती आपण पाडलेली नाही. या रेघेच्या वर ११ भाषा आणि ९२.०२ टक्के लोक आहेत. खाली ११० भाषा आणि ७.९८ टक्के, म्हणजे सुमारे ९ कोटी ६६ लाख माणसं.

ही बेरीज करताना एक चूक हमखास होते. टक्केवारीचा स्तंभ आधी पूर्णांकात आणायचा आणि मग बेरीज करायची, ही ती चूक. तसं केलं तर असमिया, मैथिली, भिली, संथाली आणि काश्मिरी यांचा प्रत्येकी एक टक्का होतो आणि उरलेल्या सगळ्यांचं शून्य. मग ‘इतर’ पाच टक्के भरतात आणि साडेतीन कोटींहून अधिक माणसं नाहीशी होतात. म्हणून बेरीज माणसांची करायची, भाग एकूण लोकसंख्येने द्यायचा आणि दशांश सर्वांत शेवटी छाटायचे. चूक पकडणंही सोपं आहे: सगळ्या पाकळ्या मिळून ९९ भरत असतील तर गोंधळ इथेच झालेला असतो.

पुढचा प्रश्न जागेचा. सॉफ्टवेअरला आकारानुसार क्रम लावू दिला तर ७.९८ टक्क्यांचे ‘इतर’ बंगालीच्या (८.०३) लगेच मागे आणि मराठीच्या (६.८६) पुढे येऊन बसतात. घाईत पाहणाऱ्याला ती देशातली तिसरी मोठी भाषा वाटते. म्हणून बाराच्या काट्यापासून उजवीकडे हिंदी, बंगाली, मराठी असं उतरत जावं आणि ‘इतर’ आकाराने कितीही असो, शेवटी ठेवावेत. रंग राखाडी द्यावा म्हणजे ती एकसंध वस्तू नाही हे नजरेला कळतं. पाकळीवर नुसतं ‘इतर’ लिहू नये. ‘इतर ११० भाषा, ७.९८%, सुमारे ९ कोटी ६६ लाख’ असं लिहावं आणि खाली एक ओळ द्यावी: ‘दोन टक्क्यांहून कमी वाटा असलेल्या भाषा एकत्र केल्या आहेत; संपूर्ण तक्ता शेजारी.’ आणि तो तक्ता खरोखर द्यावा. आलेखात कोकणीला अर्धा मिलिमीटर मिळतो, तक्त्यात तिला मराठीएवढीच उंच ओळ मिळते. भिलीचे एक कोटी चार लाख, गोंडीचे जवळपास तीस लाख, अहिराणीला पोटात घेणाऱ्या खानदेशीचे साडेअठरा लाख हे आकडे तिथे कुणालाही वाचता येतात.

तक्त्याऐवजी चित्रच हवं असेल तर एक्सेलमध्ये `Bar of Pie` नावाचा प्रकार आहे. वर्तुळातली ‘इतर’ची पाकळी तो बाजूला एका उभ्या पट्टीत उलगडून दाखवतो. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. `Split Series By` या पर्यायात `Position` निवडलेलं असेल तर यादीतल्या शेवटच्या काही ओळी पट्टीत जातात, मग त्या लहान असोत वा मोठ्या. यादी अकारविल्हे असली तर हिंदीही तिकडे जाऊ शकते. म्हणून `Percentage value` निवडून २ लिहावं. दुसरी गोष्ट मापाची. पट्टी आणि वर्तुळ यांची मापं वेगळी असतात. आठ टक्के ताणून उंच पट्टी केली की तीत असमियाचा तुकडा वर्तुळातल्या पंजाबीएवढा किंवा त्याहून मोठा दिसू शकतो. प्रत्येक तुकड्यावर देशातल्या एकूण लोकसंख्येतली टक्केवारी लिहिणं हाच त्यावर इलाज आहे. आणि पट्टीत ११० भाषा घालायला गेलं तर सुरुवातीची गर्दी नव्या जागी परत येते, तेव्हा पहिल्या पाच-सहा दाखवून उरलेल्या तक्त्यावर सोपवाव्यात.

एवढं करूनही वर्तुळाची मर्यादा राहतेच. मराठी ६.८६ आणि तेलुगू ६.७०, यांच्या पाकळ्यांत अर्ध्या अंशाचा फरक आहे. तो नुसत्या डोळ्यांनी कुणालाच दिसणार नाही. मुद्दा या तुलनेचा असेल तर स्तंभालेख काढावा.

‘इतर’मध्ये काय घालू नये, हेही ठरवावं लागतं. जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावं १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि १,४७४ नावं अवर्गीकृत राहिली. शिवाय दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेल्या भाषांची नावं प्रसिद्धच होत नाहीत; ही प्रथा १९७१च्या जनगणनेपासूनची. या दोन्हींची मिळून सुमारे पावणेएकोणीस लाख माणसं सरकारी तक्त्यातच ‘इतर’ आहेत. आपली ११० भाषांची पाकळी करताना ती तिच्यात आपोआप येतात. ‘लहान आहे’ आणि ‘कोणती ते ठरलं नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तक्त्याच्या तळाशी त्यांची ओळ स्वतंत्र राहिली पाहिजे.

माहिती फक्त ‘इतर’मध्येच झाकली जाते असंही नाही. हिंदीच्या ४३.६३ टक्क्यांत भोजपुरी आहे, राजस्थानी आहे, छत्तीसगढी आहे. एकट्या भोजपुरीचे ५ कोटी ६ लाख, जवळजवळ उर्दूएवढे. छोट्या पाकळ्यांची काळजी घेणाऱ्याने सर्वांत मोठ्या पाकळीखालीही एक ओळ लिहावी.

रेघ कुठे ओढायची हे वाचक कोण यावरही ठरतं. देशाच्या आलेखात कोकणी ‘इतर’मध्ये जाते; गोव्याच्या आलेखात ती दोन-तृतीयांश वर्तुळ व्यापते. देशासाठी बनवलेला साचा तसाच राज्याला लावला तर तिथल्या लोकांची भाषा चुकीच्या खणात जाऊन बसेल. लेखाचा विषयच एखादी लहान भाषा असेल तर तिचा वाटा कितीही कमी असो, तिची पाकळी वेगळी काढावी, गडद रंगवावी आणि बाहेर रेघ ओढून नाव लिहावं.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो दोन वर्षं शेजारी ठेवताना. २००१मध्ये अनुसूचीबाहेरच्या भाषा १०० होत्या, २०११मध्ये ९९. सिम्ते आणि फारसी दहा हजारांच्या खाली गेल्या म्हणून यादीतून निघाल्या, माओ नव्याने आली. पण माओ बोलणारे त्या दहा वर्षांत अचानक उगवले नव्हते. मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातल्या माओ-मराम, पाओमाता आणि पुरुल या उपविभागांची २००१ची आकडेवारी अंतिम आकड्यांत धरलेलीच नाही. म्हणून दोन वर्षांचे ‘इतर’ तुलनेला घेताना टक्क्याची रेघ दोन्हीकडे नव्याने लावू नये. एका वर्षाच्या यादीवरून कोणत्या भाषा वेगळ्या दाखवायच्या ते ठरवावं, तीच नावं दुसऱ्या वर्षीही वेगळी ठेवावीत आणि २००१च्या वर्तुळाखाली त्या तीन उपविभागांची नोंद करावी.